कालचा दिवस सांगाल का?

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात मला ट्रेनी केमिस्टची जागा मिळाली होती. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मायक्रोबायोलॉजी मी घेतली ती माणसांशी कमी बोलावं लागेल म्हणून. हे घरी कुणाला माहीत नव्हतं.

कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "त्या कामातल्या कुणाला तरी भेट. नोकरीबद्दल बोलू नकोस. वीस मिनिटं माग आणि काल सकाळपासून काय काय केलं, ते विचार."

बावड्याचे ओळखीचे एक काका दुसऱ्या डेअरीत सुपरवायझर आहेत. आधी त्यांना फोन केला. सुरुवातच चुकली. "तुमची मदत हवी होती," असं मी म्हणाले.

"बायोडाटा पाठव. सायबांच्या कानावर घालतो."

"नोकरी नको, काका. फक्त तुमचं काम कसं असतं..."

"नोकरी नको म्हणून कोण फोन करतं व्हय?" ते हसत सुटले. मी फोन ठेवला. दोन दिवस पुन्हा कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

मग मॅडमनी एका केमिस्ट ताईंचा नंबर दिला. मूळच्या निरवांगीच्या, मला जागा मिळाली होती त्याच प्रकल्पात. त्यांना मेसेज लिहिला: 'काम मागत नाही. तुमचा कालचा दिवस ऐकायचा आहे.' उत्तर आलं: 'शनिवारी तीन. गेटसमोरचा चहा.'

इंदापूरहून एसटीने गेले. वहीत प्रश्न होते, पण वही बाहेर काढलीच नाही.

"काल सात टँकर," त्या म्हणाल्या. "आधी दूध ढवळायचं, मग नमुना. वास, तापमान, फॅट, युरिया. तिसऱ्याचं दूध अल्कोहोल टेस्टला फाटलं. म्हंजे आंबट झालेलं. ड्रायव्हरला सांगितलं, गाडी परत न्या. तो म्हणला, ताई, परत तपासा. परत तपासलं. मग त्याच्या मालकाचा फोन."

"आणि प्रयोगशाळेत शांतता असते ना?"

"शांतता? दिवसभर भांडान हाय. तू म्हण बघू, गाडी परत न्या."

मी म्हटलं. चहावाल्याने मानही वर केली नाही.

"मलाच ऐकू आलं न्हाय, टँकर कसा जाईल?"

पुन्हा म्हटलं. आवाज तेवढाच.

"डबा कुणाबरोबर खाता?" हा प्रश्न वहीत नव्हता.

"एकटीच. ज्यांचं दूध परत पाठवलं, ती माणसं बाहेर बसल्याली असत्यात." त्यांनी कप खाली ठेवला. "कालचा दिवस आजवर कुणी इचारला न्हवता मला. घरी सुदिक."

उठताना मी आणखी कुणाशी बोलू, असं विचारलं. बंद पिशव्यांचे नमुने तपासणाऱ्या एका मुलीचा नंबर त्यांनी दिला. "ती प्लेटवरचे जंतू मोजती. तितं ड्रायव्हर येत न्हाईत. तिला इचार. पण तिचं खरं काय, ते तिच्याकडूनच ऐक."

परतताना एसटीत खिडकीशी बसून 'गाडी परत न्या' हे वाक्य मनात म्हणत होते. इंदापूर येईपर्यंत ते एकदाही ओठांवर आलं नाही.

सोमवारी प्रकल्पाला 'नाही' असं कळवलं. तेही ईमेलने. मग त्या मुलीला मेसेज लिहायला घेतला.