शटर खाली, मालक आत

न्हाव्याच्या पाच वर्षांच्या नातीला सगळे टकळी म्हणत, कारण दुकानातल्या उंच खुर्चीवर चढली की तिच्या तोंडाला खंड नसे. एक ‘स’ मात्र तिला जमत नसे. जीभ दातांच्या फटीतून डोकावायची आणि “आबा, थाबण थंपला” अशी वर्दी यायची.

आबांना त्याचं कोण कौतुक! तेही गिऱ्हाइकांना “थाबण लावू का?” म्हणून विचारू लागले. पोस्टमन तर टोपी काढायच्या आत थाबण मागायचा, आणि दुकानभर हशा पिकायचा.

मग एक दिवस टकळीने साबणाकडे नुसतंच बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तेवढंही नाही. बालवाडीतही ती मिठाची गुळणी धरून बसते, असं सुनेने सांगितलं.

“बाबा, लाडालाडात तुम्हीच तिच्या तोंडाला कुलूप घातलंत,” ती म्हणाली.

आबांच्या हातातला वस्तरा थबकला. गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच राहिला.

बालवाडीच्या बाईंनी आधी विचारलं, तिला नीट ऐकू येतं ना? कान तपासून घ्या. या वयात बऱ्याच मुलांचा ‘स’ असा घसरतो, पण नक्कल करू नका, आणि “पुन्हा म्हण” असा धोशाही लावू नका. तिचा शब्द आपण नीट म्हणायचा नि गप्पा पुढे न्यायच्या. आरशात बघून आवाजांचे खेळ खेळा. काही महिन्यांत फरक पडला नाही, किंवा पोर अशीच मिटून राहिली, तर वाट न बघता स्पीच थेरपिस्टकडे न्या.

कान ठीक निघाले. आणि आरशाला दुकानात काय तोटा? संध्याकाळी आबांनी केसांवर पाणी मारायची रिकामी बाटली उचलली.

“हिचा आवाज बसलाय. तू देतेस?”

टकळीने नाही म्हणून मान हलवली. आबांनी आरशात ओठ फाकवून दात जुळवले. म्हणाले, “हे शटर. जीभ म्हणजे मालक. शटर खाली, मालक आत.” आणि बाटली दाबून “स्स्स्” केलं. त्यात त्यांची कवळी सुटून पुढे आली. टकळी खुदकन हसली आणि तिने बाटली हिसकावली. मालक आधी दोनदा बाहेर डोकावला. मग बारीकशी शीळ घातल्यासारखं “स्स्स्” आलं.

रोज गिऱ्हाईक नसलं की खेळ. बाटली झाली, मग गळकं टायर, मग साप. पुढे “साबण” सुद्धा कधी आला, कधी नाही. भरभर बोलताना ‘थ’ येतच राहिला, म्हणून सुनेने थेरपिस्टची वेळ घेतलीच.

त्याच आठवड्यात रजेवरून परतलेला पोस्टमन खुर्चीत टेकला आणि सवयीने म्हणाला, “थाबण आहे का?”

आबा त्याला दटावणार, एवढ्यात खुर्चीमागून आवाज आला.

“काका, शटर बंद करा. तुमचा मालक बाहेर आलाय.”

पोस्टमनने तोंड मिटलं. मग टकळीने ते पुन्हा उघडूच दिलं नाही, कारण महिन्याभराच्या गोष्टी ‘थांगायच्या’ राहिल्या होत्या.