दर खालीलप्रमाणे

रत्नागिरीत मी विजेच्या जोडणीची कामं घ्यायला लागलो त्या ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घरांचे दिवे-पंखे पुष्कळ बसवून झाले होते. पहिल्यांदाच कारखाना समोर आला : पालीजवळचा आंब्याचा रस डबाबंद करण्याचा. हे काम मिळालं असतं तर हाताखाली दोन माणसं ठेवता आली असती आणि बायकोला दिलेलं 'यंदा तरी' हे जुनं आश्वासन एकदाचं खरं झालं असतं.

तीन पानांचं कोटेशन मीच टाइप केलं आणि टपालात टाकलं. आठवड्याने कारखान्याच्या मालकांचं पत्र आलं. 'आपल्या दुसऱ्या पानाच्या शेवटी "दर खालीलप्रमाणे" असं आहे. आम्ही खाली पाहिलं. कागदाखाली फक्त आमचं टेबल आहे. निर्णय शनिवारी.'

तिसरं पान सापडलं देव्हाऱ्यात, नारळाखाली. मोठं काम म्हणून टपालात टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी मीच ते दरांचं पान देवापुढे ठेवलं होतं, आणि सकाळी घाईत उरलेली दोन पानंच पाकिटात भरली होती. पानावर बायकोने लावलेलं कुंकू होतं.

मी माफीचं पत्र लिहायला बसलो. 'टंकलेखकाच्या नजरचुकीने...'

बायकोने खांद्यावरून वाचलं. "टंकलेखक कोण हो?"

"मीच."

"मग त्याला कशाला बोल लावताय? गरीब आहे बिचारा."

"अगं, देवाचं लिहिलं तर हसतील."

"हसू देत. पण दुसऱ्यांचे दर कानावर येईस्तोवर यांनी मुद्दाम पान दाबून ठेवलं, असं त्यांना वाटलं तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नवा कागद घेतला. चूक माझी, पान देवापुढे राहिलं, दर त्याच तारखेचे आहेत, एकही आकडा बदललेला नाही, तसदीबद्दल क्षमस्व. पहिल्या दोन पानांच्या कार्बन प्रती घेतल्या आणि मूळ तिसरं पान कुंकवासकट जोडलं. पुन्हा टाइप केलं असतं तर स्वच्छ दिसलं असतं, पण मग माझ्या शब्दाला पुरावा काय?

शुक्रवारी एसटीने पाली गाठली. पाकीट पुन्हा टपालावर सोडायची छाती नव्हती. मालक वयस्कर, चष्मा कपाळावर. पत्र त्यांनी दोनदा वाचलं, मग तिसरं पान उजेडाकडे धरलं.

"कुंकू तेव्हाचंच दिसतंय. वाळलंय."

"हो."

"आणि नारळ?"

"घरी आहे. आणायला हवा होता का?"

ते हसले. मग त्यांचं बोट आकड्यांवरून खाली उतरत गेलं, आणि त्यामागून माझी नजरही.

"देवाने हे दर पास केलेले दिसतात," ते म्हणाले. "आम्हाला मात्र केबलचा जरा जास्त वाटतो. बसा. चहा सांगतो, मग त्यावर बोलू."

मी बसलो. घरून निघताना बायकोने विचारलं होतं, "तिन्ही पानं घेतलीत ना?" म्हणून चहा येईपर्यंत मी ती टेबलावर आणखी एकदा मोजली.