पात्यापासून दोन हात

सुमनबाई कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी माणसांकडं नाही, छताकडं बघायच्या. पंखा कुठं, कडी कुठं, खिळा कुठं. मग खाली बघून म्हणायच्या, "हां, बोला, कसं काय?" औसा गावात त्यांना 'पंखेवाल्या मावशी' म्हणायचे ते काही प्रेमानं नाही.

बारशाचं, डोहाळजेवणाचं, हळदीचं सजवायचं काम त्या चौदा वर्षं करत होत्या. तोरणं, कापडी पोपट, कागदाच्या झुरमुळ्या, सगळं घरी बसून स्वतःच्या हातानं. पैशाची घासाघीस त्यांना जमायची नाही, पण एका गोष्टीत त्या कुणाचं ऐकत नसत. पंख्याच्या पात्याचं टोक जिथं संपतं तिथून दोन हात मोकळं. स्वतःचा हात, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. स्टुलावर चढून हवेत दोनदा हात मोजायच्या आणि मगच दोरी बांधायच्या.

हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता. आठ वर्षांमागं एका हळदीत त्यांनी सगळ्यांसारखंच केलं होतं. पंख्याच्या दांडीला मधोमध धरून चारी कोपऱ्यांत पट्ट्या ओढल्या होत्या. वर चढायच्या आधी विचारलं होतं, "पंखा बंद हाय ना?" नवरीच्या काकानं वर बघून सांगितलं, "बंदच हाय की." बंद होता खरा. कारण लाइट गेलेली होती. बटण चालूच होतं. पाटावर नवरी बसली आणि लाइट आली. पट्ट्या गुंडाळत गुंडाळत पंख्यानं कोपऱ्यातलं तोरण, त्याच्या पितळी घंटांसकट, ओढून खाली आणलं. शिल्पा नावाची ती पोरगी. भुवईवर चार टाके पडले. टाक्यांसहित तिचं लग्न लागलं. आता कधी बाजारात भेटली तर शिल्पा हसून बोलते, पण सुमनबाईंची नजर तिच्या डोळ्यांपर्यंत जात नाही, भुवईपाशीच अडकते.

तेव्हापासून त्या 'बंद' या शब्दावर विश्वास ठेवत नसत. "बंद म्हंजी काय? थांबलेला का बटण बंद?" असं विचारायच्या, आणि बटणावर कागदाची पट्टी चिकटवायच्या.

आणि आता त्यांच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीच्या लेकीचं बारसं होतं.

मे महिना. तनुजाच्या सासरची मंडळी नांदेडहून सकाळीच जीपनं आली. विहीण राजश्रीताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, अजूनही प्रत्येक वाक्याला समोरच्याची हजेरी घेतल्यासारख्या बोलणाऱ्या. जावई मिहिर. आणि बाळाची आत्या, मनस्विनी. नाव ठेवायचा मान तिचा. तिच्या मांडीवर एक भलं मोठं खोकं होतं, तीन तास कुणाला धरू दिलं नव्हतं तिनं.

खोक्यातून झुंबर निघालं. तारेचं गोल कडं, त्यावर आरशाच्या चकत्या, बारीक घंटा, हातानं शिवलेल्या चिमण्या, आणि कड्याभोवती गुलाबी, सोनेरी रिबिनी. चांगल्या तीन-तीन हात लांब.

"अगं बाई!" गल्लीतल्या बायका पुढं सरकल्या.

"तीन महिने खपून राहिले हो मी," मनस्विनी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "कॉलेजमधून आले की हेच. पाळण्याच्या बरोब्बर वर टांगायचं, मावशी. बाळानं डोळे उघडले की पहिलं हेच दिसलं पाहिजे."

सुमनबाईंनी वर बघितलं. पाळण्याच्या बरोब्बर वर पंखा होता.

"लई देखणं झालंय, बाई," त्या म्हणाल्या. "पण पंख्याखाली नको. तिकडं आरशाच्या भिंतीला लावू."

"भिंतीला?" राजश्रीताईंनी चष्म्यावरून बघितलं. "झुंबर भिंतीला लावतात का हो विहीणबाई? ते काय कॅलेंडर आहे?"

बायका हसल्या. सुमनबाईंचे यजमान शेषेरावही हसले, मग बायकोचा चेहरा बघून खोकले.

"मग पंख्याचं बटण बंद करून त्याच्यावर पट्टी चिकटवू. घंटाभराचाच तर कार्यक्रम हाय."

"चाळीस बायका या खोलीत, या उन्हाळ्यात, पंख्याविना बसवणार? आमच्याकडची पाहुणी मंडळी काय म्हणतील?"

तनुजा आतल्या दारात उभी होती, बाळ खांद्यावर. तिनं आईकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ सुमनबाईंना कळला. आई, आज नको. मला यांच्यात राहायचंय.

मग सुमनबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मध्यममार्ग काढला. पाळणा खिडकीकडं सरकवला. तिथं छताला जुनी कडी होती. स्टुलावर चढून पात्याच्या टोकापासून हात मोजला. एक, दोन. भरले. झुंबर तिथं टांगलं.

"घ्या. तुमचंबी राहिलं, माझंबी राहिलं."

रिबिनींची टोकं वर घेऊन दोऱ्यानं कड्याला टाचावीत म्हणून त्यांनी हात उचलला, तेवढ्यात राजश्रीताई म्हणाल्या, "आता हात नका लावू हो. मनूनं केलंय ते राहू द्या तिच्यासारखं."

सुमनबाई खाली उतरल्या.

लाइट नऊ वाजल्यापासून नव्हती. खिडकीत बाहेरून बसवलेला लोखंडी कूलर गप्प होता. गवताच्या जाळ्या कोरड्या पडल्या होत्या. झुंबर इतकं स्तब्ध लटकत होतं की मिहिरनं त्याचे फोटो काढले. बायका पदरानं वारा घेत होत्या. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा.

पाळण्यात आधी वरवंटा ठेवायचा असतो. त्याला कुंची घालून, काजळ लावून, बाळासारखा. पाळण्याच्या खालून वरून द्यायचा-घ्यायचा, मग खरं बाळ. सुमनबाईंनी वरवंटा सजवून आणला, पाळण्यात ठेवला, आणि हात पाळण्यावर ठेवून उभ्या राहिल्या. काहीतरी टोचत होतं. कुठं ते कळत नव्हतं. हात तर दोन भरले होते.

"चला, आता बाळ आणा," राजश्रीताई म्हणाल्या.

"थांबा की जरा. वरवंट्याचं नीट होऊ द्या."

"झालं की पाच वेळा."

"आमच्याकडं सात वेळा असतंय."

गल्लीतली गुणाबाई फटकन म्हणाली, "कवापासून गं सुमन? माझ्या नातवाला तर पाचच…"

"गुणाबाई, तुम्ही पाणी बघा बरं पाहुण्यांचं!"

सहा झालं. सात झालं. सुमनबाईंनी वरवंट्याची कुंची सोडली आणि परत बांधली. काजळाचं बोट सारखं केलं.

"अहो, दगडाला किती नटवाल!" राजश्रीताईंचा आवाज चढला. "बारा दहा होऊन गेले. मुहूर्त घालवायचा ठरवलंय का तुम्ही?"

"लाइट येऊ द्या," सुमनबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"लाइटचा आणि मुहूर्ताचा काय संबंध?"

"न्हाई… म्हंजी… सगळं चालू झालं की एकदा बघते. मग ठेवू बाळाला."

"काय बघता? तुम्हीच बांधलंय ना?"

मनस्विनीनं तनुजाच्या खांद्यावरून बाळ घेतलं, पाळण्याकडं आली. सुमनबाईंनी पाळण्यावरचा हात काढला नाही. दोघी समोरासमोर. मनस्विनी हळूच म्हणाली, "मावशी, माझं झुंबर तुम्हाला आवडलेलंच नाही का?"

"तसं न्हाई गं बाई…"

आणि लाइट आली.

"आली!" पोरासोरांनी आरोळी ठोकली. पंखा करकरत फिरू लागला. त्याच्या मागोमाग खिडकीतला कूलर घरघरला आणि त्यानं सकाळपासूनचा सगळा कोंडलेला वारा एकदम आत फेकला. त्याच्या तोंडाच्या पट्ट्या वरच्या बाजूला वळवलेल्या. शेषेरावांना झोपताना अंगावर वारा सोसत नसे म्हणून.

रिबिनी उठल्या. खाली लोंबणाऱ्या रिबिनी आडव्या झाल्या, पंख्याकडं धावल्या. तीन हात.

"बटण!" सुमनबाई ओरडल्या. "अहो बटण!"

शेषेरावांनी धावत जाऊन बटण दाबलं. ट्यूबलाइट गेली.

एक सोनेरी टोक पात्याला लागलं. मग रिबीन दिसलीच नाही, नुसता फर्रकन आवाज. पंख्यानं ती गुंडाळली, दुसरी गुंडाळली, झुंबर तिरपं झालं, पात्यावर आपटलं, दोरी तुटली. सगळं कडं आरशांसकट पाळण्यात कोसळलं.

मिहिरनं पंखा बंद केला. तो बराच वेळ गरगरत राहिला, रिबिनीचं शेपूट फटफट मारत.

पाळण्यात वरवंटा होता. त्याच्या कुंचीवर काचा पडल्या होत्या. एक चकती कुंचीच्या कापडात रुतून उभी राहिली होती.

बाळ मनस्विनीच्या हातात होतं. तिनं ते इतकं घट्ट धरलं की बाळ रडायला लागलं. तनुजानं येऊन घेतलं, आत गेली.

मग सगळे एकदम बोलू लागले. मिहिर म्हणाला, दोष लाइटचा, अशी धाडकन येते. गुणाबाई म्हणाली, दोरीच कच्ची होती. राजश्रीताई खाली बसल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "जड केलं होतंस गं मनू. मी म्हणत होते, इतके आरसे कशाला."

मनस्विनी खाली बसून चिमण्या वेचत होती. मान वर केली नाही तिनं. "हो ना," म्हणाली. "माझंच चुकलं."

सुमनबाई ऐकत होत्या. त्यांना काही बोलायची गरज नव्हती. उलट, आता चार बायका म्हणतच होत्या, सुमनबाईंनी अडवलं म्हणून वाचलं, देवानंच बुद्धी दिली. तनुजाच्या सासरी यापुढं त्यांचा शब्द मोडणार नव्हतं कुणी. फक्त गप्प राहायचं होतं.

त्यांनी स्टूल ओढलं. वर चढल्या. दांडीभोवती करकचून बसलेली रिबीन सोडवू लागल्या.

"विहीणबाई," वरूनच म्हणाल्या, "मनूचं काही चुकलं न्हाई."

"आता कशाला…"

"जागा मी दाखवली. हात मी मोजले. पंख्याचे मोजले, कूलरचा वारा मोजलाच न्हाई. सकाळपास्नं गप्प होता तो, मला वाटलं बंदच हाय. रिबिनी तीन हाताच्या, मी जागा सोडली दोन हात. टोकं टाचायची होती. मला ठाऊक होतं. तुमची भीड पडली म्हणून खाली उतरले."

राजश्रीताईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

तनुजा आतल्या दारात येऊन उभी होती. तिचा चेहरा सुमनबाईंना वरून नीट दिसत नव्हता. रागावलीय का घाबरलीय, कळेना. ती तशीच वळून आत गेली.

स्टूल हललं. सुमनबाईंनी खाली बघितलं. मनस्विनीनं दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं. तिच्या एका बोटातून रक्त येत होतं.

"बोट कापलंय गं तुझं."

"असू द्या. तुम्ही सोडवा."

शेवटचा वेढा सुटला. रिबीन खाली आली, चुरगळलेली, काळं ग्रीस लागलेली. मनस्विनीनं ती हातावर घेतली आणि कोपरापासून बोटापर्यंत मोजत गेली. एक. दोन. तीन. तिसऱ्या हातापाशी थांबून ती पाळण्याकडं बघत राहिली.

नाव त्या दिवशी साडेतीनला ठेवलं. खोलीत नाही, व्हरांड्यात, पाळण्यावर काहीही न बांधता. मुहूर्ताचं कुणी बोललं नाही. मनस्विनीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं तेव्हा सुमनबाईंना ते ऐकू आलं नाही. त्या व्हरांड्याच्या छताकडं बघत होत्या. तिथं पंखा नव्हता, खिळाही नव्हता. तरी बघत होत्या.