पीएल

धक्क्यावरचे तपासनीसकाका नव्याकोऱ्या होडीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे कोरलेला नंबर वाचत होते.

"इटलीची आहे," मालक तोऱ्यात म्हणाला.

"कंपनी असेल इटलीची. पहिली दोन अक्षरं बांधणाऱ्याच्या देशाची असतात. पीएल, म्हणजे पोलंड."

काकांचा मुलगा पोलंडातच होड्या बांधायचा. पीएल दिसलं की काका त्यावरून हात फिरवायचे, लेकाच्या पाठीवरून फिरवावा तसा. तो वारल्यावरही सवय सुटली नव्हती. त्याच्या वेळच्या होड्या अजून येत होत्या.

आजही हात पुढे गेला. तेवढ्यात नंबराच्या शेवटी असलेलं वर्ष दिसलं. मुलगा त्याआधीच गेला होता.

काकांनी हात खिशात घातला.

"पोलंडचीच आहे," ते म्हणाले, "पण आमची नाही."