पडद्यावरचा ढग

गल्लीतली पोरं त्याला 'हनुवटी' म्हणायची. फोटो स्टुडिओतल्या स्टुलावर कुणीही येऊन बसो, शाळकरी पोर असो की पेन्शनीतले आजोबा, हा कॅमेऱ्यामागून एकच मंत्र म्हणायचा, "हनुवटी जरा वर." एकवीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. सकाळी फोटो काढायचे, दुपारी संगणकावर टचिंग करायचं. कुणाची पुटकुळी घालवायची, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं उजळायचं, आणि एखाद्या नवऱ्यामुलाचे कान पकडून थोडे मागे सारायचे. चेहऱ्यातलं त्याला फार कळायचं. नको तितकं कळतं असं त्यालाही वाटायचं, आणि तिथेच घात झाला.

दुकान त्याच्या वडिलांच्या मित्राचं. त्यांना सगळे मालक म्हणत, हा तेवढा काका म्हणायचा. वडील गेल्यापासून दर रविवारी मालक घरी येत, आईशी तासभर बोलत. म्हणजे दुकानात शिंक आली तरी रविवारपर्यंत आईला कळणार. आईचं म्हणणं एकच होतं, एक्केचाळिसावं लागलं, आता तरी लग्न कर. त्याला पुरुष आवडतात हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मालकांच्या कानावर गेलं तर तिला कळायला रविवार उजाडावा लागला नसता. फोनमधलं ते डेटिंग ॲप तो म्हणूनच जिवापाड जपायचा. त्यावर त्याचं नाव होतं 'उजेड'.

ॲपवरच्या माणसाला कसं भेटायचं याचे धडे त्याला मैत्रिणीने दिले होते. ती रुग्णालयात नर्स. तिथे तिला सगळे सिस्टर म्हणायचे, म्हणून हाही सिस्टरच म्हणायचा. ती तिच्या जोडीदारणीबरोबर नऊ वर्षं एकत्र राहत होती आणि या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नसे. "खोटं बोलू नकोस," ती सांगायची, "पण खरं बोलायची घाईही करू नकोस. आधी नाव. कुठे काम करतोस ते माणूस भेटून पटल्यावर. घर तर फार पुढची गोष्ट. आणि 'माझ्यावर विश्वास नाही का' असं जो दोनदा विचारेल, त्याच्यावर मुळीच ठेवू नकोस."

हे सगळं हनुवटी पाळायचा. ॲपवर टाकलेला त्याचा फोटोही बेतलेला होता. नाकाच्या वरचा चेहरा कापलेला, फाइलमधली तारीख आणि ठिकाणाची नोंद पुसलेली. फक्त फोटो चांगला दिसायला हवा ना? धंदा तोच, मग मोबाइलवरचा मळकट फोटो कसा टाकेल? एका दुपारी मालक जेवायला गेले असताना त्याने दुकानातले दोन्ही दिवे लावले आणि पडद्यासमोर स्वतःचा फोटो काढला. करडा पडदा, त्यावर त्याने स्वतः रंगवलेले ढग. उजव्या कोपऱ्यातल्या ढगावर कधीतरी ब्रश घसरला होता आणि त्याला शेपूट फुटलं होतं.

वसंतातल्या एका आठवड्यात 'निवांत' नावाच्या माणसाचा निरोप आला. बोलणं सरळ, कुठे आगाऊपणा नाही. दहाव्या दिवशी हनुवटीने त्याच्याकडे ताजा फोटो मागितला, डाव्या कानाशी तीन बोटं धरलेला. दोन मिनिटांत आला. हनुवटीने तो चौपट मोठा करून पाहिला. बोटांच्या कडा, कानामागची सावली, बुबुळात उमटलेली खिडकी. कुठे जोड नाही, कुठे टचिंग नाही. चेहरा खरा होता.

"व्हिडिओ कॉल केलास?" सिस्टरने विचारलं.

"दोनदा म्हणालो. त्याच्या खोलीत रेंज नाही म्हणे."

"दहा दिवसांत एकदाही रेंजमध्ये आला नाही?"

"अगं, एकवीस वर्षं चेहरे बघतोय मी. हा फोटो बनावट नाही."

फोटो बनावट नव्हताच. पण चेहरा खरा म्हणून माणूसही खरा, हा हिशेब फक्त फोटोवालाच मांडू शकतो.

इकडे निवांतची बोलणी हळूहळू वळत होती. मी तुला सगळं सांगितलं, तू अजून कामही सांगत नाहीस. एवढा अविश्वास? असंच चोरून जगायचं असेल तर प्रेम कशाला हवं? हे वाचून हनुवटीला स्वतःची लाज वाटायची. प्रामाणिकपणाचा हा गळ फार वाईट, जो मुळात प्रामाणिक असतो त्याच्याच घशात अडकतो. त्याने दुकानाचं नाव लिहिलंही एकदा, मग पुसलं. शेवटी एवढंच लिहिलं, 'भेटल्यावर सांगतो.'

भेट ठरली दुपारी चार वाजता, बाजारातल्या कॅफेत. सिस्टरने बजावलं, स्वतःची स्कूटर ने, फोनवरून तुझं ठिकाण मला दिसत राहू दे, पाच वाजता मी फोन करणार.

निवांत वीस मिनिटं उशिरा आला. अगदी फोटोसारखा, फक्त बुबुळांत खिडकीऐवजी नुसता अंधार. कॉफी मागवली आणि तिला हात लावला नाही. फोन टेबलावर उताणा होता, दर मिनिटाला उजळत होता. तो फोनकडे बघायचा, मग जिन्याकडे.

"इथे फार आवाज आहे," तो म्हणाला. "वर मित्राची खोली आहे. पाच मिनिटं बसू."

"पहिल्या भेटीत नाही," हनुवटी म्हणाला. "इथेच बसू."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

हनुवटीने मनात मोजलं, एकदा. फोन पुन्हा उजळला. निवांतच्या कपाळावर घाम होता, आणि कॅफेत पंखा तर जोरात चालू होता.

"खरंच पाच मिनिटं. विश्वास नाही का?"

"नाही," हनुवटी म्हणाला, आणि उठला.

तेव्हा निवांतने फोन पालथा घातला आणि त्याचं मनगट धरलं. आवाज एवढा खाली गेला की हनुवटीला वाकावं लागलं. "वर येऊच नकोस. दोघं आहेत. आठ महिन्यांपूर्वी मलाही असंच बोलावलं होतं. व्हिडिओ काढला. बायकोला दाखवू म्हणतात. माझं लग्न झालंय, तेही तुला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्यासाठी माणसं आणतो. तू चौथा."

"मग आता का सांगतोस?"

"तू नाही म्हणालास म्हणून. आधीचे तिघं म्हणाले नव्हते." त्याने हात सोडला. "अजून एक. तू वर आला नाहीस तर ते दुकानात येतील. त्यातल्या एकाच्या बहिणीचा फोटो त्यांच्या भिंतीवर आहे. मागे तोच शेपटीवाला ढग. तुझा फोटो बघताच त्याने दुकान ओळखलं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चेहरा कापला, तारीख पुसली, आणि मागे स्वतःच्या हाताने दुकानाची पाटी लावून ठेवली. अर्ध्या गावाच्या भिंतीवर तो ढग टांगलेला होता.

"चल माझ्याबरोबर," हनुवटी म्हणाला. "स्कूटर बाहेर आहे."

निवांत जागचा हलला नाही. जिन्यावर कुणाच्या तरी चपला वाजल्या. हनुवटी सरळ बाहेर पडला, मागे न बघता, आणि तीन चौक ओलांडल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

पाचला सिस्टरचा फोन आला, त्याने तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, हीच तिची मोठी गोष्ट. "आधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढ, मला पाठव. ब्लॉक त्यानंतर, नाहीतर पुरावाच जाईल. ॲपला तक्रार कर. आपल्यासारख्यांना मदत करणारी एक संस्था आहे, तिच्या वकीलबाईंना मी आजच कळवते, उद्या संध्याकाळी भेटू. ते काही मागायला लागले तर द्यायचं नाही, एकदाही नाही. दिलं की परत येतात."

"तक्रार केली की त्यांना कळेल मीच केली. त्याला मारतील."

"आणि नाही केलीस तर पाचवा वर जाईल."

त्याने तक्रार केली. संध्याकाळपर्यंत निवांतचं खातं बंद झालेलं होतं.

राहिला प्रश्न दुकानाचा. त्या दोघांच्या हातात शस्त्र एकच होतं, मालकांना सांगू ही धमकी. ते बोथट करायचा उपायही एकच होता. एवढी वर्षं त्याला वाटायचं, सांगायचं तर आपल्या वेळेने, आईची तब्येत बरी असताना, शब्द जुळवून. आता वेळ दुसऱ्यांनी ठरवली होती, याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

दुकान बंद करायच्या वेळी मालक काउंटर पुसत होते. तो म्हणाला, "काका, मला पुरुष आवडतात. पहिल्यापासून. आज दोघं जण मला अडकवायला निघाले होते, उद्या इथे येतील." मग ॲप, कॅफे, ढग, सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. कॅमेऱ्यावर कापड टाकलं.

"उद्या शाळेचे फोटो आहेत," ते म्हणाले. "लवकर ये."

एवढंच. दुसऱ्या दिवशीही ते कामापलीकडे एक अक्षर बोलले नाहीत. हनुवटीने सत्तर पोरांच्या हनुवट्या वर केल्या आणि दर वेळी दार वाजलं की आधी तिकडे पाहिलं.

साडेअकराला ते आले. दोघं आत, तिसरा उंबऱ्याबाहेर. तिसरा निवांत होता, डावा डोळा सुजलेला. पुढचा माणूस हसतमुख, इस्त्रीचा शर्ट, कुणीही जावई म्हणून पसंत करेल असा.

"पासपोर्ट फोटो काढायचाय," तो म्हणाला, आणि हनुवटीजवळ येऊन हळूच, "जरा बाहेर बोलू."

हनुवटीने स्टूल पुढे ओढलं. तो मोठ्याने म्हणाला, "जे बोलायचं ते इथेच बोला. मालकांना सगळं माहीत आहे. वकीलबाईंनाही माहीत आहे. बसा, हनुवटी जरा वर."

त्याने दिवा लावला. हसणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो पांढरा प्रकाश पडला आणि हसू तिथेच वाळलं. त्याने मालकांकडे पाहिलं. मालक काउंटरमागे उभे होते, दोन्ही हात लाकडावर, आणि त्याच्याकडे एकटक बघत होते. हनुवटीने बटण दाबलं. लख्ख उजेड झाला, दोघांचेही चेहरे फोटोत आले.

"ते पुस," दुसरा म्हणाला.

कुणी हललं नाही. "पुन्हा येऊ," हसणारा म्हणाला, आणि ते येणार हे हनुवटीला पक्कं ठाऊक होतं. दोघं बाहेर पडले, निवांतला खांद्याने ढकलून पुढे गेले.

निवांत मात्र उंबऱ्याशीच थांबला. रस्त्यावरून एकाने त्याला हाक मारली. त्याने एक पाऊल उचललं, परत ठेवलं, आणि दारातूनच हनुवटीला विचारलं, "सांगितल्यावर काय म्हणाले ते?"

हनुवटीने मालकांकडे पाहिलं, कालपासून पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

"मी अजून काहीच म्हणालेलो नाही," मालक म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "काय म्हणायचं ते मला कळतही नाही. आणि रविवारी मी याच्या आईपुढे बसून खोटं बोलणार नाही. त्याच्या आत यानेच तिला सांगावं." मग ते उंबऱ्याकडे वळले. "तुमच्या डोळ्याला पाणी लावायला हवं. बाहेर का उभे, आत या."

रस्त्यावरून दुसरी हाक आली, आता निवांतच्या खऱ्या नावाने. त्याने दोन्हीकडे पाहिलं, मग आत पाऊल टाकलं, आणि हनुवटीने त्याच्यामागे दार ओढून घेऊन कडी लावली. काचेबाहेर ते दोघं रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. एकाने फोन कानाला लावला. हनुवटीने दिनदर्शिकेकडे पाहिलं. गुरुवार होता.