एअरपोर्टला तासभर

रोज सकाळी लॉजच्या पायऱ्या चढताना नागोराव रस्त्याची बातमी द्यायचे. कुणी विचारलेलं नसायचं. "आज गोलनाक्याला चिकटलो." "आज काचीगुड्यापर्यंत झक्कास, मग कोटीला खोळंबा." अंबरपेठेतून अफझलगंजला येणारी बस त्यांना जिथे उतरवायची, तिथून लॉज हाकेच्या अंतरावर होता, तरी चपला काढता काढता ही बातमी सांगितल्याखेरीज ते काउंटरमागे बसत नसत. आतल्या टेबलावर लॉजचा मालक समीर मोबाईलमध्ये डोकं घालून असायचा. तो "हूं" म्हणायचा. कधी तेही नाही.

समीरच्या आजोबांनी नागोरावांना ठेवून घेतलं होतं. आजोबा हायकोर्टातले वकील, सुलतान बाजारात घर, आणि हा लॉज म्हणजे त्यांच्या मते वकिली चालली नाही तर पोराबाळांची सोय. वकिली चालली. लॉजही चालला, कारण नांदेड-परभणीकडची माणसं दवाखान्यासाठी हैदराबादला येतात आणि मराठी बोलणाऱ्या माणसाजवळ उतरतात. ते बोलणारं माणूस म्हणजे नागोराव धवसे, हदगाव तालुक्यातून आलेले. चौकशीला आलेल्यांना ते कुठल्या दवाखान्याला कुठली बस जाते, कुठली मेस बिनतिखटाचं देते, हे सांगत. लॉजचा खरा धंदा खोल्यांचा नव्हता, या सांगण्याचा होता. समीरला हे पटत नसे. त्याला काउंटरवर एक टचस्क्रीन आणि पगार न मागणारं काहीतरी हवं होतं, आणि हे तो नागोरावांसमोरच बोलायचा.

"चाचा, तुम्ही गेल्यावर बसवतो." नागोराव नोकरीतून गेल्यावर, की जगातून, ते तो सांगत नसे.

निशिगंधा परभणीहून आली ती एका मंगळवारी. शिक्षिका, तिशीची, वडिलांचं ऑपरेशन तारनाक्याच्या बाजूच्या एका दवाखान्यात व्हायचं होतं. काउंटरमागच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे तिचं लक्ष गेलं. मग तिने इकडेतिकडे पाहून हळूच म्हटलं, "जय भीम, काका." नागोरावांचा चेहरा उजळला. त्यांनी तिला रस्त्याच्या गोंगाटापासून दूरची बारा नंबरची खोली दिली, आणि त्याच पैशांत. दुसऱ्या दिवशी तिला सांगूनही टाकलं, "पोरी, काहीही लागलं तर खाली फोन करायचा. लाजायचं नाही."

तिला दिल्लीला जायचं होतं. केंद्राच्या एका शाळेत नेमणूक झाली होती. कागदपत्रं तपासून घ्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार. म्हणून गुरुवारी संध्याकाळचं विमान, आणि वडिलांजवळ भाऊ थांबणार, असं ठरलं होतं.

त्या लॉजची एक पद्धत होती. इथला पाहुणा फोनवर नाव सांगत नसे, खोलीचा नंबर सांगत असे. "सात नंबर बोलतोय, गरम पाणी येईना." बाहेर गेल्यावरही तसंच: "सात नंबर बोलतोय, दार लावू नका, उशीर होतोय." जुन्या यंत्रावर आतला फोन आणि बाहेरचा फोन एकाच आवाजात वाजायचा. नागोरावांना त्यात कधी अडचण वाटली नव्हती. बाहेर गेलेल्याची किल्ली मागच्या फळीवर लटकलेली असायची. मान वळवली की कळायचं.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. काउंटरसमोर हिंगोलीची चार माणसं खोलीच्या भावावरून घासाघीस करत होती.

"काका, बारा नंबर. एअरपोर्टला किती वेळ लागतो?"

"तासभर," नागोराव म्हणाले, आणि हिंगोलीकरांकडे वळून, "अहो, पंखा नाही तर भाडं कमी, हे मी का ठरवणार?"

"नक्की ना?"

"पोरी, रोजच्या रोज लोकं जातात. तासभर."

फोन ठेवल्यावर त्यांनी मान वळवली. बाराची किल्ली फळीवर होती. क्षणभर त्यांचा हात फोनवर थांबला. चहाला खाली आली असेल, गल्लीतून बोलत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात हिंगोलीकरांपैकी एकाने आगाऊ पैसे पुढे केले.

उत्तर चुकीचं नव्हतं. अफझलगंजाहून, दुपारचं, गाडीने, बहादुरपुऱ्याकडून नव्या पुलावरून आरामघर गाठलं की शमशाबादचा विमानतळ तासाभरावरच आहे. पण निशिगंधा दवाखान्यातून बोलत होती. तिने परत फोन केला नाही, कारण तिला उत्तर मिळालं होतं. संध्याकाळी, वडिलांना सलाईन लावून झाल्यावर, ती तारनाक्याला एअरपोर्टच्या बससाठी उभी राहिली. बस वेळेवर आली नाही. आली ती उप्पलच्या गर्दीत रुतली, पुढे एल.बी. नगरला पुन्हा रुतली. ती विमानतळावरच्या काउंटरवर पोचली तेव्हा बोर्डिंग पास देणं बंद झालं होतं. विमान अजून जमिनीवर होतं, आणि ते काचेतून दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी नागोराव पायऱ्या चढले तेव्हा ती बॅग पायाशी घेऊन काउंटरसमोर उभी होती. हिंगोलीची माणसं बाकावर चहा घेत होती. समीर चक्क उठून उभा होता.

"या. आले बघा तुमचे जाणकार," ती म्हणाली.

"काय झालं पोरी? गेली नाहीस?"

"पोरी म्हणू नका. तुम्हीच सांगितलं होतं ना, तासभर?"

"सांगितलं. इथून."

"'इथून' म्हणालात? फोनवर तो शब्द तोंडातून निघाला का तुमच्या?"

"तू तरी कुठं म्हणालीस, तिथून म्हणून?" नागोरावांचा आवाज चढला. "बारा नंबर म्हणालीस. बारा नंबर वर आहे, माझ्या डोक्यावर. दवाखान्यात नाही."

"मी विचारणारी! मला काय माहीत काय काय सांगायचं असतं? माहिती असणारे तुम्ही. कुठून, कधी निघणार, कशाने जाणार, एवढं विचारायला काय जीभ झिजते?"

"संध्याकाळी बसनं जाणार हे मला स्वप्नात कळणार होतं?"

बाकावरचा एकजण हसला. निशिगंधाने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि तो चहात बघू लागला.

"मोबाईलमध्ये का नाही बघितलं, मॅडम?" समीरने विचारलं. त्याला कुठल्या बाजूने बोलावं ते अजून कळलं नव्हतं.

"बघितलं असतं."  ती नागोरावांकडेच पाहून म्हणाली, "आपलं माणूस बसलंय म्हटल्यावर कशाला बघू?"

हे ऐकल्यावर नागोरावांचं तोंड आवळलं गेलं. समीरने फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अशा नजरेची नागोरावांना सवय होती. ती नजर तिच्या बोलण्याने इथे आली, याचीच त्यांना चीड आली.

"आपलं माणूस म्हणून चांगली खोली दिली, ती घेतलीस," ते म्हणाले. "आता चारचौघांत आपलं माणूस काढतेस?"

"खोलीचे उपकार ऐकवता? माझी नोकरी गेली काका! आज शेवटचा दिवस, अन् दुसऱ्या तिकिटाला पैसे नाहीत. तिथे फोन केला, म्हणाले येता येत नसेल तर यादीतलं पुढचं नाव."

 रस्त्यावर एक रिक्षावाला दुसऱ्याला शिव्या देत होता.

मग तिने मोबाईल पुढे धरला. इंटरनेटवर लॉजच्या नावाखाली टाकायला तिने लिहून ठेवलं होतं, एकच तारका आणि मोठा परिच्छेद, नागोरावांचं नाव घालून. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. "यांनी इथे, सगळ्यांसमोर म्हणावं, माझी चूक झाली. मी पुसून टाकते. नोकरी तर परत येत नाही. निदान तेवढं ऐकून जाते."

समीरने वाचलं आणि त्याचा रंग उतरला. हल्ली खोल्या याच तारकांवर जायच्या. "चाचा, म्हणून टाका. दोन शब्द. क्या जाता?"

"अन् नाही म्हटलं तर?"

"तर मग काउंटर नको. हौला-खुळा समजू नका मला. मी आजपासून दुसरा बंदोबस्त करतो."

त्याने हे शांतपणे म्हटलं. कारण शोधत होता, ते मिळालं होतं, हे नागोरावांना स्पष्ट दिसलं. घरी बायकोला, सरुबाईला, गुडघ्यांमुळे कामाला जाणं होत नव्हतं, मुलाचं, धम्मानंदचं, घर वेगळं. ही खुर्ची गेली तर दुसरी कुणी देणार नव्हतं. दोन शब्द होते. त्यांनी मान वळवून फळीकडे पाहिलं. बाराची किल्ली कालच्याच आकड्याला होती. काल ती दिसल्यावर फोनवरून हात उचलला होता, हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते एक सांगितलं असतं तर माफी आपोआप झाली असती.

"अर्धी चूक माझी आहे," नागोराव म्हणाले. "अर्धी हिची. अर्ध्याची माफी कशी मागतात, मला येत नाही."

"बघा!" निशिगंधा समीरला म्हणाली. "हिशेब करताहेत!" आणि तिने बटण दाबलं.

तिने बॅग उचलली. दारात ती अडखळली, कारण बॅगचं चाक उंबऱ्यात अडकलं होतं. बाकावरचा हिंगोलीकर उठला, पण ती "नको" म्हणून ओढत निघून गेली. नागोराव जागचे हलले नाहीत. त्यांचा हात पुढे झाला होता. तो त्यांनी काउंटरच्या काचेवर ठेवला, जसा काही तिथेच ठेवायचा होता.

समीर म्हणाला, "हिसाब महिनाअखेर घेऊन जा." मग जरा वेळाने, "मी बोललो होतो तुम्हाला, चाचा. सरळ सांगायला काय जातं."

"तुमचे आजोबा असते तर..." नागोराव म्हणाले आणि थांबले. आजोबा असते तर काय केलं असतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आजोबांनीही त्यांना इतक्या वर्षांत आतल्या टेबलावर बसायला कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोटो भिंतीवरून काढला, फडक्याने पुसला, डब्याच्या पिशवीत उभा ठेवला. फोन वाजला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. समीरने उचलला. "हां... एअरपोर्टला?" त्याने रिसीव्हर छातीशी धरून नागोरावांकडे पाहिलं, काही विचारावं तसं, मग रिसीव्हर पुन्हा कानाला लावून तो म्हणाला, "तासभर. तासभर धरा."

नागोराव चपला घालत होते. त्यांनी ते ऐकलं.  पायऱ्यांवरून खाली उतरताना त्यांनी जिन्याच्या बाजूच्या नळीला कान लावला, आणि मागे वळून समीरला शेवटचं म्हणाले,

"वरच्या टाकीची मोटर चालू आहे. भरल्यावर बंद करा, नाहीतर पाणी सगळं जिन्यात येतं."