चार्ज देणारा दामाजी

पाळी बदलताना दामाजीकडून चार्ज, म्हणजे बॉयलरचा ताबा, घ्यायचा तर डोक्याला ताप, असं आमच्या गिरणीत सगळे म्हणत. मीही म्हणत असे. मी तिथे फिटर होतो आणि माझं निम्मं आयुष्य त्या बॉयलर हाऊसच्या धगीत गेलं. पाळी संपली की माणसाला घर दिसत असतं, पाठ मोडलेली असते, पण हा चेंदणी कोळीवाड्यातला दामाजी घरी जायचं सोडून दारात उभा राहून येणाऱ्याची परीक्षा घ्यायचा.

त्याची रीत ठरलेली. आधी पाणी, मग वाफ, मग आग, मग पंप, आणि शेवटी आज काय नेहमीसारखं नाही ते. प्रत्येक गोष्ट त्या-त्या ठिकाणी जाऊन, हात लावून दाखवायची. एवढ्यावर भागत नसे. सगळं सांगून झालं की तो विचारी, "मंग आता तू काय करशील?" आपलेच शब्द पोपटासारखे परत म्हटलेले त्याला चालत नसत. समोरच्याने पहिलं काम काय, दुसरं काय, कशाला हात लावायचा नाही आणि का, ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पाचवी-सातवीतल्या मुलासारखं उभं राहायला कोणाला आवडतं? पोरं त्याला मागून 'मास्तर' म्हणत. त्याला ते माहीत होतं. "'समजलं' तर सगलेच बोलतान," एवढंच तो मला एकदा म्हणाला होता.

स्वातंत्र्यानंतरची ती सुरुवातीची वर्षं. दामाजीची एकुलती एक मुलगी मंजुळा कल्याणच्या खाडीकडे दिली होती. जावई गुणाजी तिकडच्याच एका कारखान्यात बॉयलरवर होता. तो कारखाना बंद पडला तेव्हा दामाजीने साहेबांच्या हातापाया पडून त्याला आमच्याकडे चिकटवला. मुलगा चांगला होता, हाताला सफाई होती. पण नेमकी त्याला दामाजीच्या मागची पाळी मिळाली आणि तिथे सगळं अडलं.

सासऱ्याने जावयाची परीक्षा कशी घ्यायची? कोळीवाड्यात जावई आला तर आवडाबाई, म्हणजे दामाजीची बायको, सगळ्यात मोठी बोई मासळी त्याच्या ताटात वाढायची आणि दामाजी त्याच्याआधी घास घेत नसे. जो माणूस इतरांना अरे-तुरे करून धारेवर धरायचा, तो गुणाजीला 'तुमी' म्हणे, एकदाच सगळं सांगे आणि गप्प बसे. गुणाजीही मान खाली घालून 'जी' म्हणे. सासऱ्याला उलट प्रश्न विचारणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. दोघंही एकमेकांचा मान राखत होते. मला त्याची गंमत वाटे, आणि दामाजीची परीक्षा एकाला तरी माफ झाली म्हणून मी चिडवतही असे.

त्या दुपारी दोन नंबरचा बॉयलर थंड होता. आत धाकू नावाचा आमचा जुना मजूर बसून खवलं काढत होता. पाण्याचा क्षार पत्र्यावर दगडासारखा चढतो, तो ठोकून काढावा लागतो. धुण्याचं पाणी निघून जावं म्हणून त्या बॉयलरचा तळाचा कॉक, म्हणजे तोटी, उघडा होता. एक नंबर मात्र पूर्ण वाफेवर चालू. आणि आमच्या गिरणीची गोम अशी, की दोन्ही बॉयलरचं तळाचं पाणी एकाच पाइपातून बाहेर जाई. खरं तर माणूस आत उतरण्याआधी तो जोड सोडून पाइप वेगळा करायला हवा. पण त्यात वेळ जातो, म्हणून साहेब टाळत आणि आम्हीही टाळू देत असू.

दामाजीने चार्ज दिला. दोन नंबर उघडा आहे, धाकू आत आहे, एक नंबरवर पाणी बरोबर, वाफ बरोबर. गुणाजी 'जी' म्हणाला. दामाजी मुंडासं झटकून निघाला.

तो फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत आला. का, ते त्याने मला पुढे सांगितलं. एरवी कोणाला चार्ज दिला की त्या माणसाचं उत्तर त्याच्या कानात असे, आणि त्या भरवशावर तो घरी जाऊन झोपे. त्या दिवशी कानात नुसतं 'जी' होतं. रोजच असे, पण रोज आत माणूस नसे.

मी पंपाशी होतो. गुणाजीने पाण्याची पातळी दाखवणारी काच तपासली होती आणि आता तो एक नंबरच्या तळाच्या कॉकला चावी लावत होता. पाळीवर येणारा प्रत्येक बॉयलरवाला थोडं तळाचं पाणी सोडतो, गाळ निघून जातो. त्यात त्याचं काहीच वावगं नव्हतं. दामाजी त्याच्यामागे जाऊन उभा राहिला. कोळसा ओढणारे चौघे बघत होते.

"मंग आता तुमी काय करनार?" त्याने विचारलं.

गुणाजीचा चेहरा लाल झाला. सगळ्यांदेखत सासऱ्याने त्याला पोरांच्या रांगेत उभं केलं होतं. तो ताठ होऊन म्हणाला, "दोनला हात लावनार नाय. एकचं पानी सोरनार, मंग आग बघनार."

दामाजीने त्याच्या हातातली चावी काढून घेतली. "दोनीचा पाइप एकच हाय," तो हळू म्हणाला. "तुमी एकचं सोरलं असतं, तं ता उकलतं पानी धाकूच्या अंगावर गेलं असतं."

गुणाजीच्या जुन्या कारखान्यात प्रत्येक बॉयलरचा पाइप वेगळा होता. त्याला कसं कळणार? आणि आमच्याकडे ते इतकं सगळ्यांना माहीत, की सांगायचं दामाजीच्याही मनात आलं नव्हतं. आतून धाकूच्या हातोडीची ठकठक चालूच होती. मी तिथेच कोळशावर बसलो.

धाकू बाहेर आला आणि त्याने चहा मागितला. दामाजीला शाबासकी कोणीच दिली नाही. पाइपाचा जोड मात्र त्यानंतर दर वेळी सोडला जाऊ लागला, आणि दामाजीची ती कटकट साहेबांनी सगळ्या पाळ्यांना लावली.

पण गुणाजी दुखावला तो दुखावलाच. धाकूचा जीव वाचला हे त्याला पटत होतं, चारचौघांतला अपमान पचत नव्हता. मंजुळाचं माहेरी येणं बंद झालं. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्याने तिला पाठवलं नाही. आवडाबाई मासळीची टोपली खाली ठेवून रडायची आणि नवऱ्याला म्हणायची, धाकूला वाचवलंत आणि पोरीला घालवलंत. दामाजी त्या महिन्यांत फार थकला. काठी लागावी तसा चालू लागला.

रोज भेट व्हायची ती फक्त चार्जाला. पाणी, वाफ, आग, पंप. दामाजी विचारी, गुणाजी थंड आवाजात एकही चूक न करता सांगे. मग एक जण आत, एक बाहेर. मला ते बघवत नसे.

पुढे पाळ्या फिरल्या आणि गुणाजी दामाजीला चार्ज देऊ लागला. एका सकाळी त्याने पाणी सांगितलं, वाफ सांगितली, आग, पंप. मग आज नेहमीसारखं काय नाही, तिथे तो थांबला.

"घरी मुलगी झाली," तो म्हणाला. "दोघी बऱ्या हायत."

दामाजी काचेकडेच बघत राहिला. गुणाजीने विचारलं, "मंग आता तुमी काय करनार?"

दामाजीने मुंडाशाने तोंड पुसलं. "आवडाला घेऊन येनार," तो म्हणाला. "आज पाली सुटली का, लगेच."

"बरोबर," गुणाजी म्हणाला, आणि घरी गेला.